दोन मुलं, कुत्रा, मांजर आणि एक सागवानी सोफा

पुण्यात कर्वेनगरच्या एका फ्लॅटमधलं हे काम. सोफा तीन अधिक एक अधिक एक, सांगाडा सागाचा आणि अजून ठणठणीत. फोम बसलेला होता, कापड विटलेलं होतं. घरात नवरा-बायको, आजी, सहा वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा (लंगोट नुकताच सुटलेला), मोत्या नावाचा देशी कुत्रा आणि मनी नावाची मांजर. सांगाडा तसाच ठेवून फोम आणि कापड तेवढं बदलायचं, एवढंच ठरलं होतं. कापड कोणतं, यावर मात्र घरात तीन पक्ष पडले होते.

ताईंना मखमल हवी होती. दादांचं म्हणणं लेदर घ्या, "पुसलं की झालं". आजींना सुती. एप्रिलच्या दुपारी त्या सोफ्यावरच आडव्या होतात आणि अंगाला चिकटणारं काही त्यांना नको होतं. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, म्हणून वाद मिटत नव्हता.

अशा घरात मी डागांपासून सुरुवात करत नाही. डाग सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतात, त्यामुळे प्रश्नही त्यांचेच येतात. पण सोफा वाया जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच दोन गोष्टींनी, नखं आणि लघवी. डाग निघतो, फिकट होतो, नाहीतर उशीखाली झाकला जातो. नखाने ओढलेला धागा परत आत जात नाही. फोममध्ये मुरलेली लघवी पावसाळ्यात हवा दमट झाली की पुन्हा वास मारू लागते, वरचं कापड कितीही स्वच्छ असलं तरी. म्हणून तिन्ही पर्याय आधी या दोन कसोट्यांवर लावले आणि डागांकडे नंतर वळलो.

नखांची कसोटी

कुत्र्याची नखं आणि मांजरीची नखं यांचं काम वेगळं. मोत्या उडी मारून सोफ्यावर चढतो आणि झोपण्याआधी बैठक खरवडतो. त्याची नखं बोथट असल्यामुळे ती कापड घासतात. मनी मुद्दाम नखं रुतवते. नखावरचं जुनं टरफल काढणं, अंग ताणणं आणि आपला वास मागे ठेवणं ही तिन्ही कामं ती त्यातून उरकते. त्यासाठी तिला हवी असते उभी, न हलणारी आणि नख अडकेल अशी जागा. सोफ्याचा हात या वर्णनात चपखल बसतो.

नख अडकतं कुठे? जिथे धाग्याचा फास वर आलेला असतो किंवा वीण सैल असते तिथे. दुकानात ज्याला 'टेपेस्ट्री' म्हणून विकतात त्यात जाड-बारीक धाग्यांची उठावदार वीण असते. दिसायला छान, पण मांजरीच्या घरात तिचं आयुष्य फार नसतं. सध्या चलनात असलेलं बुक्ले तर निव्वळ फासांचंच कापड, ते मी अशा घरात दाखवतसुद्धा नाही. सुती कापडात घट्ट विणीचं कॅनव्हास किंवा डक बरंच टिकाव धरतं, पण त्यातही ताणा-बाणा एकमेकांवरून जातो तिथे नखाला खाच मिळते. एकदा धागा ओढला गेला की सबंध रेघ उमटते.

मखमलीचं गणित इथे उलटं आहे. मखमल विणताना दोन थर समोरासमोर विणतात आणि त्यांना जोडणारे धागे मधून कापतात. त्यामुळे वर येते ती उभी, कापलेली लव, जिला फास नसतो. नख त्यात शिरतं आणि अडकल्याशिवाय बाहेर येतं. मांजरीला अपेक्षित ओढ मिळत नाही, म्हणून बहुतेक मांजरी दोन-चारदा हात मारून दुसरीकडे वळतात. ज्या कापडाला लोक नाजूक समजतात ते या बाबतीत तिघांत दणकट निघतं, हे ताईंना पटायला वेळ लागला. एक अट मात्र आहे. लव आखूड आणि दाट हवी. नमुना मागच्या बाजूला दुमडून पाहायचा. घडीच्या कडेवर पायाची वीण उघडी दिसली तर लव विरळ आहे, ते कापड बाजूला ठेवायचं.

लेदरला मांजरीचं नख लागलं की भोक पडतं. कुत्र्याच्या नखाने ओरखडा उठतो. वर रंगाचा जाड थर दिलेल्या लेदरवर असे ओरखडे रंग लावून थोडेफार झाकता येतात, पण भोक बुजत नाही. घरात फक्त कुत्रा असता, तोही वयस्क आणि नखं वेळच्या वेळी कापलेला, तर लेदरच्या बाजूने मी बोलले असते. जुन्या लेदरवरचे ओरखडे काहींना आवडतातही. मनी असताना तो विषय तिथेच संपला. दादांना हे सांगून पटणार नव्हतं. एका दुकानदाराकडून लेदरची कातरण मागून आणली आणि मनीच्या आवडत्या खांबाला, जिन्याच्या कठड्याला, बांधून ठेवली. दोन दिवसांनी तिच्यावर टाचण्या टोचल्यासारखी नक्षी होती.

लेदर म्हणून जे दाखवलं जातं

तरीही लेदरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दादांनी ज्या दुकानात भाव काढला होता तिथे त्यांना 'लेदर' म्हणून जे दाखवलं ते सगळं लेदर नव्हतं. बैठक आणि पाठीचा पुढचा भाग खऱ्या कातड्याचा, बाजू आणि मागचा भाग त्याच रंगाच्या कृत्रिम कापडाचा, असा तो सोफा होता. ही रीत सर्रास चालते आणि तोंडाने सांगितलं तर त्यात फसवणूक नाही. इथे सांगितलं नव्हतं. ओळखायची जागा म्हणजे कापलेली कड. सोफ्याच्या तळाशी, जिथे स्टेपल मारलेले असतात, तिथे बोट घालून कड उलटी करायची. खऱ्या कातड्याची उलटी बाजू लवदार, तंतूंची दिसते. कृत्रिम असेल तर तिथे सरळ सरळ विणलेलं कापड दिसतं. वासावर विसंबू नये, लेदरचा वास फवारूनही देता येतो.

कृत्रिम प्रकारांतही दोन जाती आहेत आणि दुकानात दोघींना एकाच नावाने हाक मारतात. आपण पूर्वीपासून रेक्झिन म्हणतो ते पीव्हीसीचं. ते पाण्याला दाद देत नाही, पण वर्षानुवर्षांनी कडक होऊन चिरतं आणि उन्हाळ्यात मांडीला चिकटतं. दुसरं पीयूचं, स्पर्शाला मऊ आणि लेदरच्या जास्त जवळचं. त्याच्या बऱ्याच प्रकारांत पीयूचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातो आणि काही वर्षांत पापुद्रे सुटू लागतात. पुण्याचे जून ते सप्टेंबर त्याला भरपूर ओलावा पुरवतात. दोन वर्षांचं मूल घरात असेल तर ते पापुद्रे कुठे जाणार हे सांगायला नको.

खऱ्या लेदरचा खर्चही वेगळ्या पद्धतीने मोजावा लागतो. कापड मीटरवर मिळतं, कातडं चौरस फुटावर. ५४ इंची पन्ह्याचं एक मीटर कापड म्हणजे पावणेपंधरा चौरस फुटांच्या आसपास. या सोफ्याला १७ मीटर कापड लागणार होतं, म्हणजे २५० चौरस फूट. पण कातडं चौकोनी नसतं. त्याला पाय आणि पोटाकडचे सैल भाग असतात, जखमांच्या खुणा असतात. वाया जाणारं धरून साडेतीनशे चौरस फुटांपर्यंत जावं लागलं असतं, म्हणजे एकाच रंगाची सहा-सात मोठी कातडी. हा आकडा कागदावर मांडल्यावर दादा गप्प झाले. खरं तर त्यांना लेदर हवं नव्हतंच, पुसता येणारं काहीतरी हवं होतं. आणि लेदर पुसताना हाताशी असतात ते अल्कोहोलचे वाइप्स, जे वरचा रंग हळूहळू उतरवतात. ओला फडका आणि लगेच कोरडा फडका, एवढंच त्याला चालतं. पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या पाठीवर बुरशी धरते, ती वेगळी.

मखमल, पण कसली?

रविवार पेठेतून आणलेल्या नमुन्यांत मखमलीचे तीन तुकडे होते. तिघांची चमक वेगळी, भाव वेगळा आणि दुकानात नाव एकच, 'वेल्वेट'. त्यातला एक सुती होता, एक व्हिस्कोसचा आणि एक पॉलिएस्टरचा. कोणता कुठला हे दुकानदारालाही खात्रीने सांगता आलं नाही. अशा वेळी कडेचा एक धागा ओढून स्वयंपाकघराच्या सिंकवर काडीने पेटवून पाहावा. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसत वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. सुती आणि व्हिस्कोस दोन्ही कागदासारखे जळतात आणि मऊ राख राहते. त्या दोघांत फरक करायचा तर धागा ओला करून ओढायचा. व्हिस्कोस ओला झाला की कमकुवत होतो, चटकन तुटतो. सूत उलट ओलं झाल्यावर जास्त चिवट होतं.

व्हिस्कोसची मखमल सर्वांत देखणी, रेशमासारखी झुळझुळती, आणि ताईंचं बोट नेमकं तिच्यावरच गेलं होतं. मी नमुन्यावर चमचाभर साधं पाणी टाकलं. वाळल्यावर तिथली लव चपटी झाली होती आणि कडेला वर्तुळ उमटलं होतं. काही सांडलं नाही, नुसतं पाणी, तरी ही दशा. मुलांच्या घरात ती मखमल पहिल्या आठवड्यात हरते. सुती मखमल त्यापेक्षा बरी, पण पाणी पिणं हा सुताचा स्वभाव, त्यामुळे सांडलेलं सरळ फोमपर्यंत जातं. पॉलिएस्टरवर पाणी काही वेळ थेंब होऊन थांबलं. टिपकागदाने टिपता येईल एवढी सवड मिळाली.

मग डागांकडे वळलो. ताईंनी तिन्ही प्रकारांवर, म्हणजे सुती कॅनव्हास, पॉलिएस्टर मखमल आणि लेदरची उरलेली कातरण यांवर, आदल्या दिवशीच्या पोह्यांचं तेल बोटाने लावलं. हळदीचा रंग पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतो. म्हणून फोडणीतली हळद कोरड्या हळदीपेक्षा वाईट. कॅनव्हासवर साबण लावताच डाग लालसर झाला आणि ताई दचकल्या. साबण अल्कली असतो आणि हळद अल्कलीत लाल होते. साबण नीट धुऊन काढला की ती पुन्हा पिवळी होते. दोनदा धुऊनही पिवळी सावली राहिली, ती बाल्कनीतल्या उन्हात दोन-तीन दिवसांत बरीच गेली. हळद उन्हाला टिकत नाही, हे आपल्या घरोघरी ठाऊक असलेलं औषध इथेही लागू पडलं.

पॉलिएस्टर मखमलीवरची पिवळी छटा कमी होती, पण तेल हटत नव्हतं. हा पॉलिएस्टरचा दोष कुणी आपणहून सांगत नाही. ते पाण्याला दूर ठेवतं आणि तेलाला जवळ करतं. भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब वाटीभर कोमट पाण्यात घालून फडक्याने टिपलं, मग नुसत्या ओल्या फडक्याने दोनदा साबण काढला आणि ओलं असतानाच मऊ ब्रशने लव एका दिशेने विंचरली. पंख्याखाली वाळल्यावर जागा ओळखू आली नाही. गोल गोल घासलं असतं तर डाग गेला असता, पण लवेत भोवरा राहिला असता. लेदरच्या कातरणीवरून तेल पुसलं गेलं. दादांचा मुद्दा तेवढ्यापुरता खरा ठरला.

केसांच्या बाबतीत फार चर्चा लागली नाही. मोत्याचे केस आखूड आणि ताठ. ते कॅनव्हासच्या विणीत सुईसारखे उभे शिरतात आणि झटकून निघत नाहीत. मखमलीवर ते वरच राहतात, भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून फिरवला की गोळा होतात. हिवाळ्यात कोरड्या हवेत पॉलिएस्टर केस जास्त खेचतं, हे मात्र आहे.

सुती कापड कुठे हरलं, कुठे जिंकलं

सुतीच्या बाजूने सगळ्यात मोठा युक्तिवाद असतो, "खोळ काढून मशीनला टाकता येते". टाकता येते. परत चढते का, हा प्रश्न आहे. कॅनव्हासचा ५० सेंटिमीटरचा चौकोन मोजून, कडा ओव्हरलॉक करून त्यांच्याच मशीनमध्ये धुतला. वाळल्यावर ताण्याच्या दिशेने तो ४८ भरला. म्हणजे ४ टक्के आटला. २२ इंची बैठकीच्या खोळीवर ४ टक्के म्हणजे पाऊण इंचाहून जास्त. तेवढ्याने खोळ फोमवर चढत नाही, आणि दाबून चढवलीच तर चेन शिवणीपासून सुटते. उपाय आहे. सगळं कापड कापण्याआधीच एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मग शिवायला द्यायचं. पण १७ मीटर जाड कॅनव्हास धुऊन वाळवायला फ्लॅटची बाल्कनी पुरत नाही, आणि पहिल्या धुण्यात कापडाची कांजीही जाते. या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं, त्यात वारंवार धुतलेलं सूत कडक होत जातं. आजींना हवी असलेली मऊ सुती बैठक दोन वर्षांत मऊ राहिली नसती.

आणि तरी आजींचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. घाम टिपणं हे सुताइतकं पॉलिएस्टरला जमत नाही. पुण्यात पारा ३८-४०च्या घरात असताना पंख्याखाली दुपारची झोप घेणाऱ्या माणसाला हा फरक पाठीला कळतो. त्यावर तोडगा आजींनीच काढला. कपाटात सोलापुरी चादरी होत्या. मार्च ते जून बैठकीवर चादर. ती धुता येते, मनीने धागा ओढला तरी जीव तुटत नाही, आणि जुनी झाली की मोत्याला. सुताची जागा सोफ्याच्या अंगावर नसून सोफ्याच्या वर आहे, असं ठरलं.

लघवी आणि फोम

आता दुसरी कसोटी. इथे तिन्ही कापडं जवळपास सारखीच नापास होतात. सुती कापड लगेच आत सोडतं. पॉलिएस्टर मखमल थोडा वेळ देते, पण रात्री कुणी पाहिलं नाही तर तीही सोडते. लेदरच्या मधल्या भागातून काही जात नाही, पण ते शिवणीच्या सुईच्या भोकांतून आणि चेनमधून उतरतं, आणि वरून कोरडं दिसत असल्यामुळे उशिरा कळतं. तेव्हा वरच्या कापडावर हा भार टाकण्यात अर्थ नाही. फोमला स्वतःची आतली खोळ हवी.

फोम ४० डेन्सिटीचा घेतला. त्याची आतली खोळ गादीच्या वॉटरप्रूफ प्रोटेक्टरचं कापड वापरून शिवली, पण फक्त वरची बाजू आणि चारही कडा. खालची बाजू साध्या मांजरपाटाची. हे असं का, ते कारागिरांनाही समजावावं लागलं. सगळ्या बाजूंनी वॉटरप्रूफ केलं तर माणूस बसल्यावर फोममधली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही. बैठक फुग्यासारखी फुगते, फुसफुसते आणि काही महिन्यांत शिवणी उसवतात. कडांच्या शिवणी वरच्या काठावर न घेता खाली, मांजरपाटाशी घेतल्या. वर शिवण आली असती तर तिच्या भोकांतून पाणी उतरलं असतं.

यामुळे बैठक उलटून वापरता येत नाही, कारण उलटली की मांजरपाट वर येतो. पण बाहेरची मखमली खोळ दोन्ही बाजूंनी सारखीच शिवली आहे. त्यामुळे फोम तसाच ठेवून खोळ तेवढी उलटी चढवायची. पैसे वाचवायला खालच्या बाजूला हलकं कापड लावतात, ते इथे टाळलं. मोत्याची चढायची जागा ठरलेली आहे, तीच कड पहिली झिजणार. दोन बाजू आणि तीन जागांची अदलाबदल मिळून ती झीज वाटली जाते.

लघवी झालीच तर आधी टिपायचं, मग खोळ काढून थंड पाण्यात. आतल्या खोळीवर पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं द्रावण लावून ते आपोआप वाळू द्यायचं. फिनाइलने वास झाकला जातो, पण मोत्याला तो खालून येतच राहतो आणि तो पुन्हा तीच जागा निवडतो.

शिवताना

कापड ठरलं, आखूड लवेची पॉलिएस्टर मखमल. कापड किती वेळा घासलेलं सोसतं ते सांगणारा मार्टिनडेलचा आकडा कॅटलॉगवर ४०,००० होता. घरगुती वापराला १५-२० हजार पुरतात, वर्दळीच्या घराला २५ हजारांच्या पुढे बरं. पण ही चाचणी सपाट घासण्याची आहे, नखांबद्दल ती काही सांगत नाही. रंग मोत्याच्या अंगाचा, भुरकट तपकिरी. ताईंच्या मनात गडद बाटली-हिरवा होता. त्यावर मोत्याचा प्रत्येक केस आणि समोरच्या बांधकामाची धूळ उठून दिसली असती.

कारागीर म्हणाले १५ मीटर पुरेल, माझा आग्रह १७चा. फरक लवेच्या दिशेचा होता. बैठकीचा वरचा आणि खालचा तुकडा २३ इंची, ५४च्या पन्ह्यात दोन शेजारी बसतात. त्याला लांबीचे २४ इंच. चारही बाजूंची ६ इंची पट्टी फिरवायला साधारण ८८ इंच लागतात, म्हणजे पन्ह्यातून आडव्या कापलेल्या दोन पट्ट्या, आणखी १२ इंच. एका बैठकीला ३६ इंच, पाच बैठकींना साडेचार मीटरच्या थोडं वर. आता याच पट्ट्या लांबीत उभ्या कापल्या तर उरलेल्या कापडातून निघतात आणि बचत होते. साध्या कापडात काही बिघडत नाही. मखमलीत मात्र पट्टीवरची लव खाली जाण्याऐवजी आडवी जाते, आणि समोरून पाहिलं की पट्टी वेगळ्याच रंगाची दिसते, जणू दुसऱ्या ताग्यातून कापली आहे.

आणि झालंही तसंच काहीसं. पट्ट्या बरोबर होत्या, पण सोफा जागेवर ठेवल्यावर मधली बैठक दोन छटा गडद दिसत होती. ताईंना वाटलं कापड दोन लॉटचं आलं. तळहात फिरवून पाहिलं. डाव्या-उजव्या बैठकींवर हात मागून पुढे गुळगुळीत जात होता, मधलीवर खरखरीत. एकच तुकडा उलटा लागला होता. खोळ उसवून तो फिरवल्यावर रंग जुळला. सोफा ताब्यात घेताना दिवसाच्या उजेडात प्रत्येक तुकड्यावर असा हात फिरवून पाहावा. दिव्याखाली ही चूक दडते.

पायपिंग घेतलं नाही. शिवणीवरची ती गोल दोरी मखमलीच्या घरातही मांजरीला आयती पकड देते. बटणंही नाहीत. दोन वर्षांचं मूल ती ओढून काढतं आणि तोंडात घालतं, मोत्या चावतो. हातांवर सरळ, आत दाबलेली शिवण. मनीसाठी डाव्या हाताला लागूनच सुतळी गुंडाळलेला तीन फुटी खांब ठेवला, खाली जड फळी लावून. मांजर पूर्ण ताणून उभी राहील एवढी उंची हवी आणि खांब हलता कामा नये. हलला की ती परत सोफ्याकडे येते.

एका पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये पाहायला गेले तेव्हा मोत्याच्या चढण्याच्या जागी लव दबून चमकत होती. इस्त्री टेकवायची नाही, वितभर अंतरावरून वाफ द्यायची आणि ब्रशने उचलायची. बरीच उठली, सगळी नाही. डाव्या हातावर मनीचे काही प्रयत्न दिसत होते, लव किंचित विस्कटलेली, धागा एकही बाहेर नव्हता. धाकट्याने दोनदा बैठक भिजवली होती, फोम कोरडा राहिला.

अनपेक्षित त्रास पाठीच्या वरच्या भागात झाला. आजींच्या आणि मुलीच्या डोक्याचं खोबरेल तेल. तिथली लव चिकटून गठ्ठे झाले होते. लिक्विडच्या पाण्याने दोन वेळा टिपल्यावर सुटले, पण हे दर महिन्याचं काम होऊन बसलं असतं. आजींनी जुने क्रोशाचे रुमाल काढले होते, तेही फासांचेच, मनीने पहिल्याच दिवशी एक ओढला. शेवटी उरलेल्या मांजरपाटाच्या साध्या पट्ट्या शिवून पाठीवर टाकल्या. आणखी एक खूण होती, उदबत्तीच्या निखाऱ्याने पडलेलं मसूरभर भोक, कड वितळून कडक झालेली. पॉलिएस्टरवर हे होणारच. ते रफू होत नाही, तुकडाच बदलावा लागतो. त्यासाठी १७ मीटरच्या वर दीड मीटर कापड घेऊन ठेवलं होतं. दोन वर्षांनी तोच रंग त्याच लॉटमध्ये मिळत नाही. एका हाताला आणि एका बैठकीच्या दर्शनी भागाला ते पुरेल. ताईंनी तूर्त भोकावर उशी ठेवली आहे आणि कापड कपाटात, घडी न घालता, नळीवर गुंडाळून.